कांदा लिलावाच्या क्लिपा आणि `inf` लॉस

सोलापूर मार्केट यार्डातल्या कांदा लिलावाच्या रेकॉर्डिंगवर बोलणं ऐकून मजकूर लिहिणारं मॉडेल ट्रेन करत होतो, सीटीसी लॉस आहे म्हणून कुठलं अक्षर कधी बोललं ते मार्क करायची कटकट नाही, पण मधेच लॉस `inf`. बघितलं तर सगळ्या सुसाट बोलीच्या क्लिपा. "एकोणीसशे पन्नास" म्हणजे मात्रा, हलंत, स्पेस धरून 15 टोकन, अन् अडत्यानं ते एका सेकंदात उरकलेलं. 10 मिलिसेकंदाच्या 100 फ्रेम, 8 पट डाऊनसॅम्पल केल्यावर उरल्या 12. एका फ्रेमला एकच टोकन, मग 15 बसणार कुठं? वर "बबन"सारखं तेच अक्षर सलग आलं की मधे ब्लँक, म्हणजे रिकामं टोकन पाहिजे, नाहीतर दोन्ही ब एक होतात, म्हणजे 3 अक्षरांना 4 फ्रेम.

`zero_infinity=True` नं `inf` नुसता झाकला जातो, त्या क्लिपांतून मॉडेल काहीच शिकत नाही. डाऊनसॅम्पलिंग 4 पट केलं, 25 फ्रेम मिळाल्या, `inf` गेला. मेमरी जास्त खातंय, खाऊ दे.