यूट्यूबच्या सर्चमध्ये व्हिडिओ सापडत नाही? टायटल, डिस्क्रिप्शन आणि हॅशटॅगमधल्या या चुका टाळा

माझ्या वहिनीचं छोटं रेसिपी चॅनेल आहे. उकडीच्या मोदकाचा व्हिडिओ तिने खूप मनापासून केला होता, उकड कशी काढायची, पारी कुठे फाटते, सगळं जवळून दाखवलं होतं. टायटल दिलं, "बाप्पासाठी खास नैवेद्य 😍 आईच्या हातची चव". दोन दिवस फीडमधून व्ह्यूज आले आणि मग एकदम बंद, कारण हे टायटल वाचायला गोड असलं तरी सर्चमध्ये असं कोणी टाईप करत नाही ना. ज्या बाईचे मोदक फुटतायत ती टाईप करते "मोदक का फुटतात".

म्हणजे पहिली चूक ही, की टायटल आपण आपल्या भावनेतून लिहितो, शोधणाऱ्याच्या अडचणीतून नाही. यावर सोपा उपाय आहे. ब्राउझरची इनकॉग्निटो विंडो उघडा म्हणजे तुमची जुनी हिस्ट्री मध्ये येत नाही, यूट्यूबच्या सर्चमध्ये नुसतं "मोदक" टाईप करून थांबा आणि खाली काय काय सुचवलं जातंय ते वहीत लिहून घ्या, मग तेच "modak" असं इंग्रजी अक्षरात करून बघा. आपल्याकडे खूप लोक मराठीच पण इंग्रजी कीबोर्डवर टाईप करतात, त्यामुळे दोन्ही याद्या वेगळ्या निघतात. त्यातली जी ओळ तुमच्या व्हिडिओत खरंच दाखवलीय तीच घ्यायची. नुसत्या "मोदक रेसिपी"वर मोठी चॅनेल्स आधीच बसलेली असतात, तिथे छोट्या चॅनेलला वर येणं अवघड, पण "मोदक फुटू नयेत म्हणून" अशा नेमक्या प्रश्नाला जागा असते.

आम्ही टायटल असं बदललं:

```
उकडीचे मोदक फुटू नयेत म्हणून उकड अशी काढा | Ukadiche Modak
```

टायटलला 100 अक्षरांची मर्यादा आहे, पण मोबाईलवर शेवटचा भाग कापला जातो म्हणून कामाचे शब्द सुरुवातीलाच हवेत, चॅनेलचं नाव किंवा "भाग 12" वगैरे मागे गेलं तरी चालतं.

दुसरी चूक डिस्क्रिप्शनची. वहिनीच्या प्रत्येक व्हिडिओखाली तोच मजकूर पेस्ट केलेला, नमस्कार मैत्रिणींनो, लाईक करा, सबस्क्राईब करा, मग इन्स्टाची लिंक. "अजून" दाबायच्या आधी वरच्या एक-दोन ओळीच दिसतात आणि त्या यातच वाया जात होत्या. आता सुरुवातच अशी आहे: "उकड कोरडी राहिली किंवा गार झाल्यावर मळली की पारी फाटते. या व्हिडिओत तांदळाच्या पिठाची उकड, नारळ-गुळाचं सारण आणि कळ्या पाडणं दाखवलंय." नुसते शब्द ठासून भरायचे नाहीत, माणसाला सांगतो तशी दोन-चार वाक्यं लिहिली की शोधले जाणारे शब्द आपोआप येतात. लिंका सगळ्यात खाली.

हॅशटॅगचं तर विचारू नका, #viral #trending #shorts असे तीस-पस्तीस. टायटलमध्ये हॅशटॅग नसेल तर डिस्क्रिप्शनमधले जास्तीत जास्त तीन टायटलजवळ दिसतात, आणि 60 च्या वर गेले तर यूट्यूब त्या व्हिडिओचे सगळेच हॅशटॅग सोडून देतं. #viral वरून मोदक शोधणारं कोण येणार? #उकडीचेमोदक, #ukadichemodak आणि #गणेशचतुर्थी एवढे तीन पुरे. मध्ये स्पेस मात्र द्यायची नाही, "#उकडीचे मोदक" लिहिलंत तर हॅशटॅग फक्त "उकडीचे" एवढाच होतो. स्टुडिओमधला टॅगचा रकाना वेगळा असतो, त्याचा उपयोग फारच थोडा, मुख्यतः स्पेलिंग चुकतं तिथे, म्हणून तिथे ukdiche, ukadche असे प्रकार टाकून मोकळं व्हा.

सगळं नीट केलं तरी सापडत नसेल तर स्टुडिओत त्या व्हिडिओचं अ‍ॅनालिटिक्स उघडा, ट्रॅफिक सोर्समध्ये यूट्यूब सर्चवर दाबा, लोक कोणते शब्द टाईप करून आले ते तिथे दिसतं. भलतेच शब्द दिसले तर टायटल चुकतंय. शब्द बरोबर आहेत पण माणसं पहिल्या अर्ध्या मिनिटात निघून जातायत, तर दोष टायटलचा नाही, उत्तर उशिरा येतंय. वहिनीचं हेच होत होतं, फुटण्याचं कारण सहाव्या मिनिटाला. व्हिडिओ परत शूट न करता तिने डिस्क्रिप्शनमध्ये चॅप्टर टाकले:

```
00:00 साहित्य
01:10 उकड काढणे
06:05 मोदक का फुटतात
```

पहिला टाईम 00:00 च हवा, निदान तीन चॅप्टर हवेत आणि प्रत्येक किमान 10 सेकंदांचा, नाहीतर ते चालत नाहीत.

आणि टायटल रोज बदलत बसू नका, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन-तीन आठवडे सर्चचे शब्द बघा. मोदकासारख्या सणाच्या विषयात तर हे सगळं गणपतीच्या दोन-तीन आठवडे आधीच उरकायला हवं, चतुर्थीच्या सकाळी बायका उकड मळत असतात, तेव्हा टायटल सुधारून त्या वर्षी फार काही हाती लागत नाही.