सायबर सुरक्षेच्या स्लाइडचे रोजचे एसएमएस करताना या चुका टाळा

भोसरीतल्या सुटे भाग बनवणाऱ्या एखाद्या कारखान्याचा अकाउंट्स विभाग समोर ठेवू. प्रशिक्षणाची ३८ स्लाइडची फाइल तयार आहे. ती तुकड्या-तुकड्यांनी रोज एसएमएसवर पाठवायची, असं ठरतं. पहिली चूक इथेच होते, कारण एका स्लाइडवरचे सात मुद्दे सात दिवसांना वाटले जातात. स्लाइडवरचा मुद्दा बोलणाऱ्याच्या आधारावर उभा असतो. बोलणारा काढला की उरतं ते असं:

"पुरवठादाराच्या बँक तपशिलातील बदलाची योग्य ती पडताळणी करावी."

यात चूक काहीच नाही, पण वाचणाऱ्याने करायचं काय? 'योग्य ती' म्हणजे कोणती? त्यामुळे स्लाइड कापायला घेऊ नका. तिच्यातला असा एक क्षण शोधा, जिथे माणसाचा हात एंटर दाबायला जातो. इथे तो क्षण अगदी स्पष्ट आहे: सप्लायरच्या नावाने मेल येतो, 'आमचं बँक खातं बदललं आहे, यापुढचं पेमेंट नव्या खात्यात करा', आणि पेमेंट दोन दिवसांवर आलेलं असतं. मग मेसेज असा होतो:

"सप्लायरने बँक खातं बदललं? जुन्या नंबरवर फोन करा, मगच बदला."

लांबी जवळपास तेवढीच, पण आता हाताला काम आहे.

७० अक्षरांचा हिशोब

इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत फक्त ७०. त्यापुढे गेलात की मेसेजचे तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यात ६७ अक्षरं बसतात आणि पैसे तुकड्यांप्रमाणे लागतात. ४० माणसांना २० मेसेज म्हणजे ८००, पण प्रत्येक मेसेज ७१ अक्षरांचा झाला तर बिल १६०० मेसेजचं.

मोजताना डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. 'सप्लायरने' डोळ्यांना पाच अक्षरांचा दिसतो, मोजणीत तो नऊचा आहे. एक्सेलमध्ये मेसेज A2 मध्ये ठेवा आणि शेजारी हे लिहा:

```
=LEN(A2)
```

वरचा मेसेज ५८ भरतो. लिहिताना ६० वर थांबायची सवय लावा. एकगठ्ठा एसएमएसच्या मजकुराचा साचा, म्हणजे टेम्प्लेट, आधी मंजूर करून घ्यावा लागतो. तेव्हा संस्थेचं नाव त्यात हवं, असा आग्रह बहुतेक वेळा धरला जातो, आणि ते नाव उरलेल्या दहांत बसवायचं असतं. आकडा अपेक्षेपेक्षा जास्त आला तर स्लाइडवरून कॉपी करताना न दिसणारी चिन्हं सोबत आलीत का ते पाहा. ओळ हाताने पुन्हा टाइप करून मोजली की कळतं.

जुनी फाइल युनिकोडमध्ये नसेल, तर कॉपी केल्यावर इंग्रजी चिन्हांचा खिचडा दिसेल. कन्व्हर्टरने रूपांतर केलंत तरी रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांखालून घाला. गडबड हमखास तिथेच असते.

सोपा धडा आधी देण्याची चूक

जवळजवळ प्रत्येक फाइलमध्ये 'पाठवणाऱ्याचा पत्ता तपासा' ही स्लाइड असते. m च्या जागी rn घातलेला पत्ता मोठा करून दाखवला की समोरच्यांना पटतंही. म्हणून हा मेसेज पहिल्या दिवशी जातो. आमच्या मते ही या मालिकेतली सगळ्यात महागडी चूक आहे. सप्लायरचा खरा मेलबॉक्सच भामट्याच्या हातात गेला असेल, तर पत्ता तंतोतंत खरा असतो. मेल जुन्याच संभाषणाखाली येतो, बिलाचा नंबरही बरोबर असतो. 'पत्ता तपासला, ठीक आहे' म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि पैसे जातात. पत्त्याचा धडा द्या, पण फोनचा धडा रुजल्यावर.

फोनच्या धड्यालाही एक भोक आहे. माणूस फोन करतो, पण त्याच मेलच्या तळाशी दिलेल्या नंबरवर. पलीकडून "हो साहेब, खातं बदललंय" असं गोड उत्तर मिळतं. म्हणून दुसऱ्या दिवशीचा मेसेज हाच हवा:

"मेलमधला नंबर भामट्याचा असू शकतो. जुन्या बिलावरचा नंबर लावा."

हा ५९ चा. तिसऱ्या दिवशी पैसे गेल्यानंतरचा:

"भामट्याच्या खात्यात पैसे गेले? आधी बँक आणि 1930, मग साहेब."

१९३० ही सायबर आर्थिक फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन. पैसे पुढच्या खात्यात वळण्याआधी ते गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते, आणि नेमका तो वेळ 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' यात जातो. 'मग साहेब' हे शब्द साहेबांनी स्वतः मान्य केलेले हवेत, नाहीतर मेसेज जाईल पण कोणी 1930 ला फोन लावणार नाही.

मेसेज पोहोचतच नाही

कंपनीकडून एकगठ्ठा एसएमएस पाठवायचा तर दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांनुसार डीएलटी या नोंदणीच्या प्रणालीवर संस्थेची, मेसेज ज्या नावाने येतो त्या हेडरची आणि प्रत्येक मजकुराच्या टेम्प्लेटची नोंदणी लागते. रोज वेगळा धडा म्हणजे रोज वेगळं टेम्प्लेट. आज लिहून उद्या पाठवू, हे इथे चालत नाही. सगळे मजकूर आधी पक्के करून एकत्र मंजुरीला द्या. काही जण एक साचा मंजूर करून मधली जागा बदलत्या मजकुरासाठी मोकळी ठेवायला जातात. त्या एका जागेत मोजकीच अक्षरं मावतात, आणि जवळपास सगळा मजकूरच बदलता ठेवला तर टेम्प्लेट नाकारलं जातं.

मंजुरीनंतर कोणीतरी 'खातं'चं 'खाते' करतं आणि दुसऱ्या दिवशी एकालाही मेसेज येत नाही. मजकूर मंजूर टेम्प्लेटशी जुळत नसेल तर तो वाटेतच अडवला जातो. डिलिव्हरी रिपोर्टमध्ये सगळेच्या सगळे फेल दिसले तर आधी हेच तपासा. थोडेच फेल असतील तर नंबर बदललेले किंवा फोन बंद असतात.

आपलाच मेसेज फसवणुकीसारखा दिसणं

'अनोळखी लिंक उघडू नका' आणि खाली 'पूर्ण धड्यासाठी इथे क्लिक करा'. हे खरंच घडतं. धड्याच्या मेसेजमध्ये लिंक नकोच. एसएमएस येणार आहेत, कोणत्या हेडरवरून येणार आहेत आणि त्यात कधीच लिंक नसेल, हे सुरू होण्याआधी नोटीस बोर्डावर लावा.

'उत्तर अ की ब, रिप्लाय करा' हेही फसतं. अक्षरी हेडरवरून आलेल्या मेसेजला रिप्लाय जातच नाही. प्रश्न विचारायचा असेल तर सकाळी विचारा आणि उत्तर दुसऱ्या दिवशीच्या मेसेजमध्ये द्या. मधल्या वेळेत चहाच्या टपरीवर वाद झाला तर उत्तमच.

वेळेचंही बघा. भोसरी, पिंपरीकडे अनेक कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. सोमवार ते शनिवार अशी आठवड्याची सरधोपट यादी लावली तर एक धडा दर आठवड्याला घरी वाया जातो आणि रविवारी, म्हणजे कामाच्या दिवशी, काहीच येत नाही. बँक खात्याचा धडा तर पेमेंटच्या दिवशी सकाळीच हवा, मग त्यासाठी क्रम मोडावा लागला तरी चालेल.

शेवटी, 'डिलिव्हर्ड ९८ टक्के' हा धडा रुजल्याचा पुरावा नव्हे. खातं बदलण्याच्या फॉर्मवर दोन रकाने वाढवा: कोणत्या नंबरवर फोन केला, आणि तो नंबर कुठून घेतला. महिन्याने तेवढेच फॉर्म काढून बसा. दुसऱ्या रकान्यात 'मेलमधून' असं लिहिलेलं सापडलं, तर दुसऱ्या दिवशीचा मेसेज पुन्हा पाठवायचा आहे.