लोक-शोध साइटवरून माझी नोंद कशी काढली

स्वतःचं नाव अवतरणचिन्हांत टाकून शोधलं, तर एका लोक-शोध साइटवर, म्हणजे लोकांची माहिती गोळा करून नावानिशी दाखवणाऱ्या साइटवर, माझं पानच तयार होतं. फोटो, जुनी नोकरी, गाव, सगळं सोशल प्रोफाइलवरून उचललेलं.

आधी मूळ प्रोफाइल आवरलं. फोटो आणि नोकरी फक्त ओळखीच्यांना दिसेल असं केलं, आणि प्रोफाइल सर्च इंजिनांत दिसू देणारी सेटिंग बंद केली. हा क्रम महत्त्वाचा, कारण मूळ माहिती उघडी राहिली तर साइट ती पुन्हा उचलते आणि नवं पान उभं राहतं.

मग साइटच्या तळाशी बारीक अक्षरांत असलेला, नोंद काढून टाकायचा `Opt out` दुवा शोधला. फॉर्ममध्ये नाव नव्हे, त्या पानाचा नेमका पत्ता द्यायचा. माझी जुन्या आडनावाची नोंद वेगळी होती, तिच्यासाठी वेगळा अर्ज करावा लागला. ईमेल यासाठीच उघडलेला वापरला. नेहमीचा कशाला त्यांच्या हाती द्यायचा? पुष्टीची मेल स्पॅममध्ये पडली होती. त्यातल्या दुव्यावर क्लिक केल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. ओळखपत्र मागितलंच, तर क्रमांक आणि फोटो झाकून पाठवावं.

पान गेलं, तरी गूगलच्या निकालात जुना मजकूर दिसतच होता. गूगलच्याच `Refresh Outdated Content` या साधनात त्या पानाचा पत्ता दिला. साइटवर पान जसंच्या तसं जिवंत असेपर्यंत मात्र ही विनंती फेटाळली जाते.