आयसीटी म्हणजे कॉम्प्युटर नव्हे

जर्मनीतल्या एका लॅबमध्ये सहा महिन्यांसाठी गेले होते. पहिल्याच सोमवारी लॅब मीटिंगमध्ये ओळख करून द्यायला तीन मिनिटं मिळाली. "मी मुंबईच्या आयसीटीतून आले," एवढं म्हणाले तर समोरून प्रश्न, "म्हणजे प्रोग्रॅमिंग का?" तिकडे आयसीटी म्हणजे माहिती-तंत्रज्ञान; आमची आयसीटी म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी. माटुंग्याच्या टॅक्सीवाल्याला अजून नुसतं तिचं जुनं नाव, 'यूडीसीटी', म्हटलं तरी कळतं, पण तो काही तिथे नव्हता. मग मी 'डीम्ड युनिव्हर्सिटी' समजावत बसले, तर खरीखुरी युनिव्हर्सिटी नाही की काय, असा चेहरा. त्यातच दोन मिनिटं गेली.

पंधरा दिवसांनी शेजारच्या ग्रुपसमोर पुन्हा ओळख द्यायची होती. या वेळी आधी आईला फोनवर ऐकवलं. मी 'हायड्रोडायनॅमिक कॅव्हिटेशन' म्हटलं आणि पलीकडे शांतता. मग सांगितलं, पाणी बारीक भोकातून जोरात सोडलं की तिथे त्याचा वेग वाढतो, दाब एकदम पडतो आणि पाण्यात वाफेचे बुडबुडे येतात. "म्हणजे गॅस न लावताच उकळतं होय?" आई म्हणाली. अगदी तसंच. साध्या तापमानाला पाण्याचा बाष्पदाब साधारण ०.०३ बार असतो. दाब त्याच्या खाली गेला की पाणी थंडच उकळतं. पुढे दाब परत वाढला की बुडबुडे फुटतात, तेवढ्या जागी क्षणभर प्रचंड उष्णता होते आणि पाण्याच्या रेणूंपासून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात. कापडाच्या रंगाचे रेणू तेच तोडतात.

नवी ओळख अशी केली: "मुंबईत १९३३पासून रासायनिक तंत्रज्ञान शिकवणारी एक संस्था आहे, मी तिथे पीएचडी करते. डाइंगच्या कारखान्यांतलं रंगीत सांडपाणी मी गॅस न लावता उकळवते." लोक हसले आणि ऐकू लागले. डीम्ड वगैरे काही नाही. कोणी विचारलंच तर जेवताना सांगावं.

स्लाइडवर दोन बाटल्या होत्या, प्रयोगाआधीची गुलाबी आणि दोन तासांनंतरची जवळजवळ पांढरी. पहिल्या खेपेला हा फोटो मी विजयी मुद्रेने दाखवला होता आणि एकीने शांतपणे विचारलं होतं, "रंग गेला, पण रसायन गेलं का?" ते गेलं नव्हतं. रंग देणारा भाग तुटला तरी उरलेले तुकडे पाण्यातच राहतात, आणि पाण्यात अशी रसायनं किती उरली याचं माप देणारा सीओडी फारसा उतरलाच नव्हता. म्हणून या वेळी फोटोखालीच सीओडीचे दोन्ही आकडे लिहिले आणि कोणी विचारायच्या आत बोलून टाकलं. अडचण उघडी पडल्यावर पुढची मागणी आपोआप जुळली: बुडबुडे भोकापासून नेमके कुठे फुटतात ते आम्हाला दिसत नाही, म्हणून तुमचा हायस्पीड कॅमेरा तीन आठवडे हवा आहे.

कॅमेरा सांभाळणाऱ्याने तिथेच फोन काढून तारखा बघायला सुरुवात केली.