गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं पत्र लिहिताना या चुका टाळा

साताऱ्यात मे महिना लागला की सोसायट्यांच्या नोटीस बोर्डावर गच्चीच्या कामाची पत्रं दिसायला लागतात. त्यातली बरीचशी एकाच ओळीत आटोपलेली असतात: ‘वॉटरप्रूफिंगचा खर्च अंदाजे साडेतीन लाख, प्रत्येकाने अमुक रक्कम भरावी.’ मग कोणीतरी घरी बसून गच्चीची लांबी-रुंदी गुणतं, आकडा जुळत नाही आणि सेक्रेटरीवर संशय येतो. म्हणून माझं ठाम मत आहे, पत्रात रकमेच्या आधी मोजणी आली पाहिजे.

शाहूपुरीतल्या एखाद्या तीन मजली, बारा फ्लॅटच्या इमारतीचं उदाहरण घेऊ. कठड्याच्या आतून आतपर्यंत गच्ची ६० बाय ४० फूट, म्हणजे २४०० चौरस फूट. इथेच पहिली चूक होते. काही जण नकाशावरून बाहेरचं माप घेतात. कठडा नऊ इंचांचा असेल तर ते ६१.५ बाय ४१.५, म्हणजे सुमारे २५५२ भरतं. कठड्याखालच्या जागेवर थर पडतच नाही, मग तिथले दीडशे फूट कशाला मोजायचे? टेप कठड्याच्या आतच लावा.

गच्चीच्या मधोमध जिन्याची खोली आहे, १८ बाय १० फूट. हे १८० फूट वजा होतात आणि सपाट भाग २२२० उरतो. पाण्याची टाकी खांबांवर उभी असेल तर तिच्याखालची जागा मात्र वजा करू नका, तिथेही थर द्यावाच लागतो.

सभासदांच्या हिशोबातून सहसा सुटतो तो उभा भाग. पाणी झिरपतं ते बहुतेकदा स्लॅब आणि कठडा जिथे मिळतात त्या सांध्यातून. त्यामुळे कोपऱ्यात गोलाई देऊन थर भिंतीवर फूटभर चढवतात. कठड्याचा आतला घेर २०० फूट आणि जिन्याच्या खोलीचा ५६ फूट, मिळून २५६ रनिंग फूट. उंची एक फूट, म्हणून २५६ चौरस फूट. एकूण झाले २४७६, म्हणजे पावणेपंचवीस ब्रास. घरी गुणाकार करणाऱ्याला २४०० मिळतात आणि पत्रात २४७६ दिसतात. हा फरक पत्रातच उलगडून सांगितला नाही, तर सभेत त्यावरच तासभर जातो.

फूट-इंच लिहिताना फार जपा. ४० फूट ११ इंच हे ४०.११ नसतं, ११ भागिले १२ केल्यावर ४०.९२ होतं. ६० फूट लांबीवर या एका चुकीने ४८ चौरस फुटांहून थोडी जास्त जागा गायब होते. कोटेशनमध्ये दर चौरस मीटरचा आहे की चौरस फुटाचा, हेही बघा. एका चौरस मीटरमध्ये १०.७६ चौरस फूट असतात.

आता पत्रातला मजकूर असा लिहिता येईल. दर फक्त उदाहरणादाखल धरला आहे:

‘सर्व सभासदांस नमस्कार. गच्चीचा सपाट भाग २२२० व भिंतींवर चढणारा भाग २५६, एकूण २४७६ चौ. फूट. दर १२० रुपयांप्रमाणे २,९७,१२० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ५३,४८२. एकूण ३,५०,६०२ रुपये. जुना कोबा तोडणे व राडारोडा वाहून नेणे या दरात धरले आहे. मोजमापाचा कच्चा नकाशा सोबत जोडला आहे. कुणाला शंका असल्यास रविवारी सकाळी टेप घेऊन गच्चीवर यावे, आपण मिळून मोजू.’

तोडकामाचं वाक्य गाळू नका. ते दरात आहे की वेगळं, हे आधी लेखी नसलं की नेमकं कोबा फोडल्यावर वाढीव बिल येतं.

खर्चाची वाटणी ही पुढची अडचण. ‘गळतंय वरच्यांच्या घरात, तर तेच भरतील’ असं खालच्या मजल्यावरून ऐकू येतं. सामाईक गच्चीची दुरुस्ती सोसायटीची असते, एकट्या वरच्या मजल्याची नाही. सभेत क्षेत्रफळानुसार वाटणी ठरली, तर ४५० फुटांचे सहा आणि ६५० फुटांचे सहा फ्लॅट मिळून ६६०० फूट होतात. चौरस फुटाला सुमारे ५३.१२ रुपये. लहान फ्लॅटला २३,९०५ आणि मोठ्याला ३४,५२९ रुपये येतात. दुरुस्ती निधीतून काही रक्कम घालणार असाल, तर ती आधी वजा करून मगच वाटा काढा.

पत्र काढण्याआधी एक परीक्षा मात्र करा. पाइपांची तोंडं बंद करून गच्चीवर इंच-दोन इंच पाणी दोन दिवस उभं ठेवा. त्याहून जास्त भरू नका, स्लॅबवर भार येतो. छताला ओल आली, तर गच्चीचं काम काढणं बरोबर आहे. छत कोरडं राहिलं आणि ओल फक्त तिरक्या पावसात बाहेरच्या भिंतीवर उतरत असेल, तर दोष प्लास्टरच्या भेगांचा किंवा खिडकीच्या छज्जाचा. तिथे गच्चीवर साडेतीन लाख घालूनही गळती थांबणार नाही. काम झाल्यावर हीच परीक्षा पुन्हा घ्या, कंत्राटदारासोबत प्रत्यक्ष झालेलं काम मोजा आणि त्यानंतरच शेवटचा हप्ता द्या.