सायक्लिक एएमपी मोजताय? या चुका टाळा

“सर, रिसेप्टर मेलेत.” रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये दर नव्या बॅचला हे एकदा तरी ऐकावं लागतं. रिसेप्टर सहसा ठणठणीत असतात.

गेल्या पावसाळ्यात ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने येणारी एक मुलगी तीन आठवडे याच गोष्टीवर अडली होती. एचईके पेशींना रिसेप्टर चालू करणारं आयसोप्रोटेरेनॉल द्यायचं, ३० मिनिटांनी पेशी फोडायच्या, रिसेप्टरचा निरोप पेशीच्या आत पोचवणारं सायक्लिक एएमपी मोजायचं. आकडा दरवेळी नुसत्या बफरइतकाच. फोर्स्कोलिनच्या वेलमध्ये मात्र भरपूर सिग्नल. फोर्स्कोलिन रिसेप्टरला वळसा घालून थेट सायक्लिक एएमपी बनवणाऱ्या अ‍ॅडेनिलिल सायक्लेजला चालवतं, म्हणजे एन्झाइम आणि किट दोन्ही ठीक. म्हणून तिने दोष रिसेप्टरवर ढकलला.

मी विचारलं, “दोन मिनिटांनी थांबवून बघितलंस?” नव्हतं बघितलं. दुसऱ्या दिवशी २, ५, १५ आणि ३० मिनिटांची प्लेट लावली. दुसऱ्या मिनिटाला सिग्नल चांगला होता, तिसाव्याला जवळजवळ गेलेला. रिसेप्टरने काम केलं होतं, पण फॉस्फोडायएस्टरेजने माल तोडून साधं एएमपी केलं होतं. शिवाय तोवर रिसेप्टरही थंडावत जातो. बूच न लावलेल्या टाकीत पाणी भरण्यातला प्रकार.

ते बूच म्हणजे फॉस्फोडायएस्टरेजला अडवणारं आयबीएमएक्स. बाईंनी ते घातलंही होतं! पण आयसोप्रोटेरेनॉल देण्याआधी “स्वच्छ असावं म्हणून” पेशी धुतल्या आणि आयबीएमएक्स सिंकमध्ये गेलं. प्रोटोकॉलची ओळ अर्धीच वाचायची घाई, दुसरं काय.

माझी सवय सांगतो. ०.५ मिलिमोलर आयबीएमएक्स १५ मिनिटं आधी, आणि पुढच्या प्रत्येक द्रावणातही तेवढंच. स्टॉक डीएमएसओमध्ये. बफर ३७ अंशांवर गरम करूनच मिसळतो, कारण गारात खडे पडतात आणि मग आपण नेमकं किती दिलं ते देव जाणे. प्लेट उजेडाकडे धरून बघा, खडे दिसतात. हे कॅफिनचं भावंड आहे, त्यामुळे अ‍ॅडेनोसिनचे रिसेप्टरही अडवतं. तुमचा प्रयोग अ‍ॅडेनोसिनवरच असेल तर ते चालणार नाही.

जी-आय जोडीचा, म्हणजे सायक्लिक एएमपी कमी करणारा रिसेप्टर असेल तर आधी फोर्स्कोलिनने पातळी चढवा. मुळात तळाला असलेलं आणखी किती खाली जाणार?

सायक्लिक एएमपीऐवजी आयपी-३, म्हणजे पेशीच्या साठ्यातलं कॅल्शियम सोडवणारा निरोप्या बघायचा असेल तर कॅल्शियमच्या डायवर नुसता उजेड दिसला म्हणून नाचू नका. पिपेट जोरात मारली की पेशी एटीपी सोडतात, आणि ते स्वतःच रिसेप्टरला चिकटून कॅल्शियम वाढवतं. एका वेलमध्ये नुसतं बफर तितक्याच जोराने घाला. तिथेही उजेड आला तर तो तुमच्या अंगठ्याचा.

कॅल्शियम पेशीच्या आतल्या साठ्यातून आलं की बाहेरून, हा वेगळा प्रश्न. कॅल्शियम नसलेल्या बफरमध्ये उरलंसुरलं कॅल्शियम पकडणारं ईजीटीए घालून तोच प्रयोग करा. पहिला झटका टिकला तर तो साठ्यातलाच.