सोसायटीच्या कार्यक्रमाचा साउंड-स्टेज खर्च: तास आणि माणसं मोजा

गणेशोत्सवाच्या कार्यक्रमासाठी मंडपवाला ‘सगळं मिळून’ एकच आकडा सांगतो, तो जास्त आहे की रास्त हे कळत नाही. सामानाचं भाडं आणि टेंपो वेगळे लिहून घ्या, मजुरी स्वतः मोजा.

कार्यक्रम ७ ते १० असला तरी तास टेंपो फाटकातून आत आल्यापासून धरा. समजा:

१. स्टेज: ४ माणसं, उभारणी ३ तास, काढणी २ तास = २० तास.
२. साउंड: मिक्सरवर एक, मायकांसाठी एक, दुपारी ४ ते रात्री ११ = १४ तास.
३. लाइट: एक माणूस, तितकाच वेळ = ७ तास.

एकूण ४१. तासाला १५० रुपये धरले तर मजुरी ६,१५० रुपये. दर तुमच्या भागातला विचारून घाला. उशीर झाला तर जादा तासाचा दरही आधीच लिहून घ्या, कारण वाद बहुतेक तिथेच होतो. स्टेज सकाळी काढायला सांगितलं तर रात्रीची जादा मजुरी टळू शकते.

विशेष परवानगी नसेल तर रात्री १० नंतर उघड्यावर स्पीकर चालत नाही, म्हणून कार्यक्रम ७ ला वेळेवर सुरू व्हावा यासाठी साउंड चेक संध्याकाळी ६ च्या आत संपवा.